प्रतिक्षाचं शिवरात्रीचं कार्ड

ही नोकरीसुद्धा प्रतिक्षाच्या हातून जाणार, ही काळजी रत्नमालाच्या मनातून काही केल्या हटत नव्हती. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना, भाजी चिरताना, अगदी शेजारणीशी हसून बोलतानाही ती काळजी मधूनच वर यायची. पोरगी कामचुकार असती तर रागावता आलं असतं. पण प्रतिक्षा कामाला वाघ होती. खोड एकच. कुणी विचारलं की तिला खोटं सांगता यायचं नाही, आणि कुणी नाही विचारलं तर ती स्वतःच विचारत सुटायची.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं त्या वर्षी जन्मलेली प्रतिक्षा. हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन ती नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात लागली होती. तिथं एका पाहुण्यानं सहज विचारलं, पनीर ताजं आहे ना? हिनं सांगितलं, "कालचं आहे, पण चांगलं आहे." पाहुणा हसला आणि जेवला. मॅनेजर मात्र हसला नाही. महिनाभरात प्रतिक्षा बॅग घेऊन भंडाऱ्याच्या घरी परत आली आणि पुढचे कितीतरी दिवस खिडकीपाशी बसून राहिली. तिचे वडील अश्वजित म्हणायचे, "राहू दे, दमली आहे पोरगी." रत्नमालाला ते दमणं वाटत नव्हतं. हिची वाट कुणीतरी बंद केली आहे, असं तिला वाटायचं.

मग वैनगंगेच्या पुलापलीकडे कारध्याला, महामार्गाच्या कडेला, कमलेशच्या 'नदीकाठ' हॉटेलात तिला काम मिळालं. बोली अशी, की शिवरात्रीपर्यंत पाहायचं, जमलं तर तिला कायमची व्यवस्थापक करायचं. थंडीभर प्रतिक्षा सकाळी स्कूटी काढून पूल ओलांडायची आणि संध्याकाळी गाणं गुणगुणत घरी यायची. ते गुणगुणणं ऐकलं की रत्नमालाला बरं वाटायचं, आणि लगेच भीतीही वाटायची.

त्यातच कमलेशनं तिला शिवरात्रीचं कार्ड लिहायला सांगितलं.

'नदीकाठ'ची एक रीत होती. महाशिवरात्रीला दिवसभर तिथं फक्त उपवासाचंच जेवण शिजायचं. कमलेशच्या वडिलांनी हॉटेल काढलं तेव्हापासूनचा हा नेम. गावातल्या माणसाला त्यात नवल नव्हतं. पण अलीकडे नागझिऱ्याला वाघ पाहायला जाणारी मंडळी याच रस्त्यानं जायची. कुणी बंगळूरचं, कुणी कोलकात्याचं, एखादी गाडी परदेशी पाहुण्यांची. गेल्या शिवरात्रीला अशाच एका कुटुंबानं विचारलं, आज काय आहे? वाढणाऱ्यानं सांगितलं, फलाहार. त्यांना वाटलं फळं येतील. आली साबुदाण्याची खिचडी. त्यांच्यातले एक आजोबा साखरेचे रोगी. उपवासाचं म्हणजे हलकं असणार, असं समजून त्यांनी दोन ताटल्या खिचडी आणि वर बटाट्याचा शिरा खाल्ला आणि मग गाडीतच आडवे झाले. जाताना त्यांच्या मुलानं चार गोष्टी सुनावल्या. म्हणून या वर्षी टेबलावर कार्ड हवं होतं. मराठी, हिंदी आणि इंग्रजी. यात काय असतं, काय नसतं, परक्या माणसाला कळेल असं.

आणि हे लिहिणार कोण, तर जिच्या घरात तीन पिढ्यांत कुणी शिवरात्र धरली नाही ती प्रतिक्षा. तिचे आजोबा डोमाजी छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले, त्या दिवसापासून घरातले जुने उपासतापास संपले. शिवरात्रीला त्यांच्या चुलीवर रोजच्यासारखा भात शिजायचा. रत्नमालाला साबुदाण्याची खिचडी माहीत होती ती नाश्त्याची. उपवासाचे नियम असतात, ते घराप्रमाणे बदलतात, हे तिलाही कॉलेजात मैत्रिणींकडून कळलेलं. 'तुला काय कळतं आमच्या उपासातलं,' असं कुणीतरी पोरीला म्हणेल, आणि पोरगी त्यावर काहीतरी खरं बोलेल. रत्नमालाला इतकंच दिसत होतं.

रविवारी सकाळी प्रतिक्षा स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसली. कमलेशनं स्वतः लिहिलेला मजकूर वर होता. 'शिवरात्री स्पेशल. शुद्ध, सात्त्विक, हलका व पचनास सुलभ असा धान्यविरहित फराळ.'

"आई, साबुदाणा हलका असते का वो?" प्रतिक्षानं विचारलं.

"खाल्ल्यावर दुपारभर डोळा उघडत नाही. हलका कायचा?"

"मंग कमलेशभाऊनं काहून लिहिलं?"

"सगळेच लिहितेत म्हणून."

प्रतिक्षानं 'हलका' खोडलं. मग 'पचनास सुलभ' खोडलं. 'धान्यविरहित'पाशी पेन थांबलं.

"हेही खोटं आहे. भगर धान्यच आहे. आम्हाले शिकवलं होतं, बारीक भरडधान्य आहे ते. गिरजाआजीले सांगितलं तं त्या म्हणे, भगर धान्य कायची, ते तं उपासाचं असते."

गिरजाबाई म्हणजे कमलेशची आई. हॉटेलाच्या मागंच त्यांचं घर. या कार्डासाठी प्रतिक्षा आठवडाभर त्यांच्या मागं वही घेऊन फिरत होती.

"अवो, त्यांचं जे आहे ते लिही ना," रत्नमाला म्हणाली. "तू कायले वाद घालत बसली?"

"वाद नाही घालत. पण कोणी शहाणा पाहुणा म्हणन, धान्य नाही म्हणता अन् ताटात हे काय आहे? तं मी कोणतं धान्य नाही ते लिहीन. तांदूळ नाही, गहू नाही, ज्वारी नाही, डाळ नाही. अन् भगर काय असते ते वेगळं सांगीन. भातासारखी दिसते, भात नव्हे."

रत्नमालानं कागद आपल्याकडे ओढला. मराठी मजकूर नीट करून द्यायचं तिनं कबूल केलं होतं. प्रतिक्षाच्या वहीत गिरजाबाईंचे नियम ओळीनं उतरवलेले होते. जिरे चालतात, मोहरी नाही. हळद नाही, हिंग नाही. मीठ सेंधं. हिरवी मिरची चालते. कोथिंबिरीपुढं लिहिलं होतं, 'गिरजाआजीकडं नाही, त्यांच्या सुनेच्या माहेरी चालते, दोघींचं यावर बोलणं बंद आहे.' टोमॅटोपुढं लिहिलं होतं, 'इकडं नाही. मागं उत्तरेकडचा एक ट्रकवाला म्हणाला, त्याच्याकडं चालतो.'

"हे तं कोर्टकचेरी झाली," रत्नमाला हसली.

"म्हणूनच मी 'उपवासाला हे चालतं' असं लिहीतच नाही. आमच्या स्वयंपाकघरात हे वापरतो, असं लिहिते. मंग कोणाच्या घरचा नियम मोडत नाही."

रत्नमालानं लेकीकडे पाहिलं. वाक्य चांगलं होतं. तिला स्वतःला ते सुचलं नसतं. पण काळजी काही कमी झाली नाही.

सोमवारी ग्रंथालय सुटल्यावर ती नीट केलेला मजकूर घेऊन ऑटोनं कारध्याला गेली. तो घरीच प्रतिक्षाच्या हाती देता आला असता, पण पोरगी जिथं राबते ती जागा एकदा डोळ्यांनी पाहायची होती. संध्याकाळची वेळ होती. हॉटेलात तीन-चार टेबलं भरलेली. कोपऱ्यात बसून ती चहा पीत होती. मागच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून गिरजाबाई सुपात भगर निवडत होत्या. पांढरं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोटं अशी चालत होती की खडा सुटणं शक्य नव्हतं.

"तुम्ही हिच्या आई ना?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं. "लई इचारते वो तुमची पोरगी. माह्या लग्नातही मले कोणी एवढं इचारलं नाही."

"सवयच आहे तिची," रत्नमाला ओशाळून म्हणाली.

"तुमच्याकडं कोणताच उपास नसते का?"

"सासूबाई पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे बुद्धाचे आठ नियम, पाळतात. दुपारी बारानंतर जेवत नाहीत."

"मंग काय खातेत?"

"काहीच नाही. पाणी, नाहीतर सरबत."

गिरजाबाईंची बोटं थांबली. "बाप्पा. खरा उपास तं तो झाला. आमचं म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी." आणि त्या स्वतःच इतक्या हसल्या की सुपातली भगर उडाली.

तेवढ्यात काउंटरपाशी आवाज थोडा चढला. प्रतिक्षा आणि कमलेश समोरासमोर उभे होते. कमलेश चाळिशीचा, अंगानं भरलेला. वाईट माणूस नव्हता, पण एका वेळी चार कामं डोक्यात घेऊन फिरणारा.

"तळणाची ओळ रिकामी काहून ठेवली?" तो मजकूर पाहत म्हणाला. "लिही ना, शुद्ध शेंगदाणा तेल."

"भाऊ, मी टिकारामकाकाले विचारलं," प्रतिक्षा म्हणाली. टिकाराम म्हणजे तिथला जुना आचारी. "ते म्हणे, आदल्या दिवशीचं तेल गाळून त्याच कढईत टाकतेत. त्यात आलुबोंडे तळलेले असतेत. भजे तळलेले असतेत. बेसन उतरलेलं असते त्याच्यात."

"गाळते ना तो."

"गाळल्यानं बेसन जाते, पण वास अन् चव राहतेच. अन् ते तेल शेंगदाण्याचंही नाही, सोयाबीनचं आहे. वर कार्डावर आपण लिहून राहिलो, बेसन नाही, डाळ नाही."

"गिऱ्हाइकाले दिसते का ते?"

"नाही दिसत. म्हणून तं ते कार्ड वाचतेत."

कमलेशनं कपाळावरून हात फिरवला. "हे पाय प्रतिक्षा, तुमच्याकडं उपासच नसते. तुले काय फरक पडते?"

तो रागानं म्हणाला नव्हता. कंटाळून म्हणाला होता. पण रत्नमालानं चहाचा कप खाली ठेवला. रविवारपासून ती ज्याला भीत होती ते वाक्य हेच. आता पोरगी काय बोलते, तिकडेच तिचे कान लागले.

"मले नाही पडत फरक," प्रतिक्षा शांतपणे म्हणाली. "उपास माहा असता तं मी मनाले समजावलं असतं, देव पाहून घेईन म्हणून. पण हा दुसऱ्याचा उपास आहे. त्याच्यात मी कसं समजावू?"

कमलेश काही बोलणार, तोच मागून सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कमलेश," गिरजाबाई म्हणाल्या, "बोंड्याच्या तेलात उपासाचे वडे तळतो तू?"

"आई, तू आत जाय."

"दरसाल शिवरात्रीले तू मले घरी वडे पाठवतो. गरम गरम. ते कोण्या तेलातले?"

टिकाराम स्वयंपाकघराच्या दारातून डोकावला होता, तो मागच्या मागं दिसेनासा झाला.

"सात वर्सं," गिरजाबाईंनी बोटांवर हिशेब केला. "तुहे बाबा गेल्यापासून सात वर्सं. निर्जळी करणाऱ्या बायांत मी मिरवत होती, मी फक्त दोन वडे खाते म्हणून."

गिरजाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "मले माहीत नव्हतं, तं माहा उपास पावला असन. तुले माहीत होतं. तुहं तू पाय."

"मले तरी कुठं सुचलं तसं," कमलेश हळू आवाजात म्हणाला. आणि ते खरं असावं. त्याच्या चेहऱ्यावर चोर पकडला गेल्याची नाही, तर रोजच्या वाटेवरचा खड्डा पहिल्यांदा दिसल्याची भावना होती. वडील असताना उपवासाची कढई वेगळी असायची. ती कधीतरी गळायला लागली, टाकून दिली, नवी आणायची राहिली. त्यानंतर कुणी विचारलंच नाही.

"आता काय करायचं ते सांग," तो आईला म्हणाला.

"मले कायले विचारतो? तिले विचार, जिनं पायलं. आम्ही उपासवाले विचारत नाही, वाढलं ते खातो." मग त्या प्रतिक्षाकडे वळल्या. "पोरी, लिही. नवी कढई. घाण्याचं शेंगदाण्याचं तेल, त्या दिवशीच फोडलेलं. अन् आता पूर्ण वाचून दाखव, काय काय लिहिलं ते."

प्रतिक्षानं उभ्या उभ्या वाचलं. गिरजाबाईंनी एका ठिकाणी 'शुद्ध' हा शब्द काढायला लावला. "शुद्ध लिहिलं की दुसऱ्याचं अशुद्ध झालं. कायले?" रत्नमालाला ते फार आवडलं. तिनं स्वतः तो शब्द ठेवला होता, कमलेशचा मान राहावा म्हणून.

निघताना कमलेश तिच्याजवळ आला. "मॅडम, पोरगी हुशार आहे तुमची. पण मले आता थकवलं तिनं. तेल बदललं, कढई बदलली, मजकूर पाच वेळा बदलला. बुधवारी सातला कार्ड छापायले जाते. याच्यापुढं एक शब्द बदलला तं मी तिले म्हणीन, तूच चालव हॉटेल." तो हसून बोलला, पण शेवटचं वाक्य हसल्यासारखं नव्हतं.

पुलावर वारा लागत होता. स्कूटीवर मागं बसलेल्या रत्नमालानं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं ना आता मनासारखं?"

"हाव."

"मंग आता गप राहायचं. शिवरात्र होऊ दे, तुहं पक्कं होऊ दे. कबूल कर मले."

खाली वैनगंगेच्या पाण्यावर उजेड मावळत होता. प्रतिक्षानं मागून आलेल्या ट्रकला वाट दिली. मग म्हणाली, "कबूल. आता नाही विचारत काही."

बुधवारी संध्याकाळी पावणेपाचला रत्नमालाच्या फोनवर कार्डाचा फोटो आला. खाली प्रतिक्षानं लिहिलं होतं, 'शेवटचं. कमलेशभाऊंनी सही केली. सातला छापायला जाणार.'

ग्रंथालयात त्या वेळी दोनच मुलं होती, स्पर्धा परीक्षेची. रत्नमालानं चष्मा लावला आणि फोटो मोठा केला.

'आज महाशिवरात्री. आज आमच्या स्वयंपाकघरात उपवासाचंच जेवण शिजतं. तुमचा उपवास असायलाच हवा असं नाही. भूक असली की पुरे.

या जेवणात तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी, बेसन, कांदा, लसूण, हळद, मोहरी आणि हिंग नाही.

यात आम्ही वापरतो: साबुदाणा, म्हणजे एका कंदाच्या पिठापासून केलेले पांढरे मणी. भगर, भातासारखी दिसणारी बारीक दाण्याची. ती तांदूळ नाही. शिंगाडा, आमच्या तळ्यांतलं फळ, वाळवून दळलेलं. राजगिरा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, दूध, दही, तूप, साखर, केळी, काकडी, जिरे, हिरवी मिरची, सेंधं मीठ.

तळण वेगळ्या कढईत, ताज्या शेंगदाणा तेलात.

उपवासाचं म्हणजे हलकं नव्हे. साबुदाणा आणि बटाटा पोट भरतात. साखरेचा त्रास असेल तर मागवण्याआधी आम्हाला विचारा.

उपवासाचे नियम घराघरांत वेगळे असतात. हे आमच्या घरचे. तुमच्याकडे एखादी गोष्ट चालत नसेल तर सांगा, ती न घालता करून देऊ.'

त्याखाली पदार्थांची यादी. साबुदाणा खिचडी. साबुदाणा वडा. भगर आणि दाण्याची आमटी. काकडीची कोशिंबीर. बटाट्याचा तळलेला कीस. तुपातलं रताळं. राजगिऱ्याची खीर. शिंगाड्याचा शिरा. दही.

रत्नमालानं ते दोनदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिनं चष्मा पुसून घेतला. आपल्या घरात जो दिवस कधी पाळला नाही, त्याच्याबद्दल पोरीनं इतकं जपून लिहिलं होतं. कुणाला हिणवलं नव्हतं, कुणाला भुलवलं नव्हतं.

तिसऱ्यांदा तिनं वेगळं करून पाहिलं. आपण बंगळूरची बाई आहोत, गाडीतून उतरलो आहोत, मांडीवर चार वर्षांचं पोर आहे, त्याला भूक लागली आहे. या कार्डात आपण पहिल्यांदा काय शोधू?

आणि ती थबकली.

प्रतिक्षा पाच वर्षांची असताना रत्नमाला तिला घेऊन कोंढ्याला आत्याच्या घरी गेली होती. तळ्यातले ताजे झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, आणि आत्याचा प्रेमळ आग्रह. दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, डोळे बंद झाले, छातीतून शिट्टी वाजायला लागली. मोटरसायकलवर मधे धरून पवनीच्या दवाखान्यात नेलं, तोवर रत्नमालानं काय काय बोलून टाकलं होतं ते तिला आजही आठवत नव्हतं. त्या दिवसापासून परक्या घरी ताट समोर आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: यात झिंगे नाहीत ना?

तसं एखाद्याच्या लेकराला शेंगदाणा बाधत असेल तर?

तिनं यादी पुन्हा वरून खाली पाहिली. खिचडीत दाण्याचा कूट. वड्यात कूट. आमटी तर दाण्याचीच. कोशिंबिरीत कूट. आणि आता तळणही घाण्याच्या शेंगदाणा तेलात, म्हणजे बटाट्याचा कीसही गेला. ज्या तेलासाठी पोरगी उभी राहिली, ते तेलही त्याच यादीत जाऊन बसलं होतं. कार्डावर शेंगदाणा होता, पण रताळं आणि दुधाच्या मधे, एका शब्दात. परक्या आईला वाटेल, चार दाणे असतील कुठंतरी, वेचून काढू. कूट वेचता येत नाही. खिचडीत तो दिसतही नाही.

हे कुणाला कसं सुचलं नाही? गिरजाबाईंना नाही, टिकारामला नाही, इतकं विचारणाऱ्या प्रतिक्षालाही नाही. इकडच्या माणसाला खिचडीतला कूट वेगळा दिसतच नाही, भातातलं मीठ दिसत नाही तसा. खिचडी म्हटली की तो आलाच.

काय लिहायला हवं तेही तिला लगेच दिसलं. त्या चार पदार्थांपुढं 'शेंगदाण्याचा कूट आहे' आणि तळलेल्यांपुढं 'शेंगदाणा तेल'. शेंगदाणा ज्याला बाधतो त्याच्यासाठी तुपातलं रताळं, खीर, शिरा, दही, तेही वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या चमच्यानं. आणि सगळ्यात वर, ठळक, एकच ओळ: शेंगदाणा बाधत असेल तर मागवण्याआधी सांगा.

तिनं घड्याळ पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं.

फोन हातात घेऊन ती बसून राहिली. सोमवारी पुलावर तिनंच लेकीकडून कबूल करून घेतलं होतं. आता हेच तिला सांगायचं, म्हणजे तिनं पुन्हा कमलेशसमोर जाऊन उभं राहायचं, सही झालेलं कार्ड घेऊन. तो म्हणेल, अजून काय राहिलं? कदाचित नुसतं म्हणणार नाही. परवा शिवरात्र. दोन दिवस गप्प राहिलं तर पोरीचं पक्कं होईल, संध्याकाळचं गाणं चालू राहील. असं लेकरू दिवसभरात येईलच असं कुठं आहे? गेल्या सात वर्षांत आलं का?

सात वर्षं, असं म्हटल्याबरोबर तिला गिरजाबाईंची बोटं आठवली, हिशेब करणारी.

ती उठून खिडकीपाशी गेली. एक विचार असाही आला, की सरळ कमलेशलाच सांगावं. चूक माझ्या लक्षात आली, पोरीचा यात संबंध नाही, रागवायचं तर माझ्यावर रागवा. त्याचा नंबर तिच्याकडे होता. तिनं तो काढलाही. मग तिला काउंटरपाशी उभी असलेली प्रतिक्षा दिसली, आवाज न चढवता बोलणारी. पाठ ताठ, हात शांत. त्या पोरीच्या डोक्यावरून आईनं मालकाशी बोलायचं, म्हणजे नागपूरच्या मॅनेजरनं तिचं बोलणं बंद केलं, त्याचंच हे दुसरं रूप. कार्ड तिचं होतं. कमलेशसमोर उभं कसं राहायचं ते तिला येत होतं. आईला येत नव्हतं, एवढाच फरक.

आणि कमलेशही तसा माणूस नव्हता. तेल बदललंच होतं त्यानं. सांगितल्यावर त्याला दिसतं. कुणीतरी सांगावं मात्र लागतं.

स्पर्धा परीक्षेचा एक मुलगा पुस्तक घेऊन टेबलाशी आला. "मॅडम, हे नेऊ का घरी?"

"थांब दोन मिनिटं," रत्नमाला म्हणाली. "एक फोन करायचा आहे."

तिनं कमलेशचा नंबर बाजूला सारला आणि प्रतिक्षाच्या नावावर बोट ठेवलं.